एक ब्लॉक, चौसष्ट पिक्सेल: जेपेग पद्धतीने दाबताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

काम एवढंच: राखाडी चित्राचा आठ बाय आठचा एक ब्लॉक घ्यायचा, पातळी सरकवायची, डीसीटी काढायचा म्हणजे पिक्सेलच्या जागी कोसाइन लहरींचे सहगुणक मिळवायचे, ते क्वांटाइझ करायचे, झिगझॅग क्रमाने आकडे ओळीत लावायचे आणि शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रोग्रॅमला ते वाचता येतात का ते पाहायचं. रंग नाहीत, अनेक ब्लॉक नाहीत. सगळं साध्या पायथनमध्ये. हेच करून पाहणाऱ्यांना आकडे ताडून बघता यावेत म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

८ जुलै: ब्लॉक कोणता घ्यायचा

पहिला विचार होता की फोटोतला कुठलाही ब्लॉक उचलावा. पण त्यातून चौसष्ट अपूर्णांक बाहेर पडतात आणि ते बरोबर की चूक हे बघून कळत नाही. म्हणून ब्लॉक मुद्दाम बनवला. डावे पाच स्तंभ गडद, उजवे तीन उजळ, दोन्हींत १२० चा फरक, आणि प्रत्येक ओळ खाली जाताना ४ ने उजळ होते.

```
 55  55  55  55  55 175 175 175
 59  59  59  59  59 179 179 179
 63  63  63  63  63 183 183 183
 67  67  67  67  67 187 187 187
 71  71  71  71  71 191 191 191
 75  75  75  75  75 195 195 195
 79  79  79  79  79 199 199 199
 83  83  83  83  83 203 203 203
```

याचे दोन फायदे आहेत. पिक्सेलची किंमत म्हणजे "स्तंभावर अवलंबून असलेला भाग अधिक ओळीवर अवलंबून असलेला भाग" एवढीच आहे, त्यामुळे डीसीटीनंतर फक्त पहिली ओळ आणि पहिला स्तंभ यांतच आकडे दिसायला हवेत. आतल्या एकोणपन्नास जागांपैकी एकीतही शून्याखेरीज काही दिसलं तर कोडमध्ये घोळ आहे, हे गणित न करता कळतं. दुसरं म्हणजे ब्लॉक कर्णाभोवती सममित नाही. आडवं आणि उभं यांची अदलाबदल झाली तर ती लपणार नाही.

सरासरी ११४ येते. हा आकडा पुढे सारखा लागतो.

९ जुलै: पातळी सरकवणे

प्रत्येक पिक्सेलमधून १२८ वजा करायचे, म्हणजे ० ते २५५ ऐवजी -१२८ ते १२७ अशी किंमत मिळते. ५५ चे -७३ होतात, १७५ चे ४७. यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं.

ब्लॉक `numpy` च्या `uint8` प्रकारात होता. त्या प्रकारात ऋण संख्या बसतच नाहीत, त्यामुळे ५५ वजा १२८ चे -७३ न होता १८३ झाले. १७५ चे मात्र नीट ४७ च झाले. परिणामी गडद भाग उजळ झाला, उजळ भाग गडद झाला आणि कड उलटी फिरली. कुठेही त्रुटीचा संदेश नाही. ओळखण्याची खूण अशी: आठ बिटांच्या चित्रात डीसी, म्हणजे डीसीटीतला अगदी पहिला सहगुणक, जास्तीत जास्त १०१६ होऊ शकतो (सगळे पिक्सेल २५५ असले तर १२७ गुणिले ८), आणि माझा आला ११६८. असा अशक्य आकडा दिसला की आधी प्रकार तपासावा.

```python
b = img.astype(int) - 128
```

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो. पातळी न सरकवता पुढे गेलं तर बाकीचे त्रेसष्ट सहगुणक तसूभरही बदलत नाहीत. फक्त डीसी बरोबर १०२४ ने वाढतो. उलगडणारा प्रोग्रॅम शेवटी १२८ मिळवणारच, त्यामुळे ब्लॉकचा आकार अगदी नीट पण सगळं पांढुरकं असं चित्र दिसलं तर डीसीटीत शोधत बसू नये. ही पायरी राहून गेलेली असते.

११ जुलै: डीसीटी

वेगवान पद्धतींच्या नादी न लागता चार लूपचं सरळ सूत्र लिहिलं. एका ब्लॉकला ४०९६ गुणाकार-बेरजा लागतात, एवढ्याने काही अडत नाही.

```python
from math import cos, pi, sqrt

def c(k): return 1/sqrt(2) if k == 0 else 1.0

def fdct(b):
    F = [[0.0]*8 for _ in range(8)]
    for u in range(8):
        for v in range(8):
            s = 0.0
            for x in range(8):
                for y in range(8):
                    s += (b[x][y] * cos((2*x+1)*u*pi/16)
                                  * cos((2*y+1)*v*pi/16))
            F[u][v] = c(u)*c(v)*s/4
    return F
```

इथे `x` आणि `u` ओळीचे, `y` आणि `v` स्तंभाचे. जेपेगच्या दस्तऐवजांत अक्षरं उलटी सापडतील, म्हणून एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवावं.

आलेले आकडे, दोन दशांशांपर्यंत:

```
पहिली ओळ:   -112.00 -401.83 156.79 58.45 -120.00 39.05 64.94 -79.93
पहिला स्तंभ:  -112.00  -72.89   0.00 -7.62    0.00 -2.27  0.00  -0.57
```

आत सगळीकडे शून्य. संगणक खरं तर `1e-14` सारखे कण दाखवतो, ते शून्यच समजायचे.

ताळा दोन प्रकारे केला. डीसी म्हणजे सरासरीच्या आठपट: ११४ वजा १२८ म्हणजे -१४, गुणिले ८ म्हणजे -११२. जुळलं. दुसरा ताळा जास्त कडक आहे. सरकवलेल्या पिक्सेलच्या वर्गांची बेरीज २,३३,९२० येते, आणि चौसष्ट सहगुणकांच्या वर्गांची बेरीजही तेवढीच यायला हवी. हे रूपांतर काही गमावतही नाही, वाढवतही नाही, फक्त आकड्यांची मांडणी बदलतं. बेरीज जुळली तर गुणकांचं प्रमाण बरोबर आहे असं बेलाशक धरावं.

१२ जुलै: लायब्ररीचा डीसीटी का जुळेना

स्वतःच्या कोडवर विश्वास बसावा म्हणून `scipy.fft.dctn` वापरून तोच ब्लॉक चालवला. डीसी आला -३५८४, म्हणजे बत्तीसपट. मग सगळ्यालाच ३२ ने भागून पाहिलं. डीसी जुळला, पण पहिल्या ओळीतले बाकीचे आकडे खऱ्यापेक्षा लहान निघाले.

कारण असं की ही लायब्ररी काही न सांगितल्यास प्रमाणीकरण करत नाही. तेव्हा डीसी ३२ पट, पहिल्या ओळीतले आणि पहिल्या स्तंभातले बाकीचे आकडे सुमारे २२.६ पट, आणि आतले आकडे १६ पट असे तीन वेगवेगळे गुणक लागू होतात. एका भागाकाराने हे सुधारता येत नाही. माझ्या ब्लॉकमध्ये आतले आकडे शून्यच असल्यामुळे त्यांचा तिसरा गुणक दिसलासुद्धा नाही. `norm="ortho"` दिलं की सगळं जागेवर येतं.

वर्गांच्या बेरजेचा ताळा आदल्या दिवशी हाताशी होताच. तो लायब्ररीच्या आकड्यांना आधी लावला असता तर भागाकारांत वेळ गेला नसता.

१५ जुलै: क्वांटायझेशन

तक्ता जेपेग मानकाच्या परिशिष्ट के मधला, उजळपणासाठीचा. मानकात तो उदाहरण म्हणून दिला आहे, सक्तीचा नाही, पण आकडे ताडायला सोपा म्हणून तोच घेतला. माझ्या कामाच्या जागा फक्त पहिली ओळ आणि पहिला स्तंभ:

```
पहिली ओळ:   16 11 10 16 24 40 51 61
पहिला स्तंभ:  16 12 14 14 18 24 49 72
```

प्रत्येक सहगुणकाला त्याच्या जागेवरच्या आकड्याने भागायचं आणि जवळच्या पूर्णांकाला न्यायचं. कोड एका ओळीचा होता: `int(F/Q + 0.5)`. निकाल असा आला:

```
पहिली ओळ:   -6 -36 16 4 -4 1 1 0
पहिला स्तंभ:  -6  -5  0 0  0 0 0 0
```

उलगडलं तर चित्र दिसायला ठीकच होतं, म्हणून हे सुटून जाणार होतं. पण डीसी पाहून खटकलं. -११२ भागिले १६ म्हणजे नेमके -७, तिथे पूर्णांकाला नेण्याचा प्रश्नच नाही, मग -६ कुठून आले? `int` दशांश भाग कापून शून्याच्या दिशेने नेतो. धन आकड्यांत ०.५ मिळवून कापलं की योग्य पूर्णांक मिळतो, पण ऋण आकड्यांत -७ चे आधी -६.५ होतात आणि कापल्यावर -६ उरतात. सगळे सहा ऋण आकडे एकेक पायरी शून्याकडे सरकले होते आणि धन आकडे सगळे बरोबर होते. चिन्हानुसार पडलेली अशी चूक दिसली की संशय थेट या ओळीवर घ्यावा. डीसीची एक पायरी चुकली की ब्लॉकचा उजळपणा दोनने बदलतो (१६ भागिले ८), म्हणून डोळ्याला काही कळलं नाही.

`round(F/Q)` केल्यावर:

```
पहिली ओळ:   -7 -37 16 4 -5 1 1 -1
पहिला स्तंभ:  -7  -6  0 -1 0 0 0  0
```

यातला -५ पुन्हा बघण्यासारखा आहे. सहगुणक नेमका -१२० आणि पायरी २४. पण दशांश गणितात -१२० ऐवजी -११९.९९९९९९ आला आणि कुणी नुसतं `int(F/Q)` लिहिलं, तर -४ मिळेल आणि तो दुसऱ्या यंत्रावर -५ सुद्धा येऊ शकेल. `round` वापरलं तर एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही.

पहिल्या स्तंभातल्या -१ बद्दलही थोडं. तिथे मूळ सहगुणक -७.६२ आणि पायरी १४, म्हणजे भागाकार -०.५४. जेमतेम अर्ध्याच्या पलीकडे असल्यामुळे तो -१ झाला. परत येताना तो -१४ होणार, म्हणजे चूक ६.३८. शून्य ठेवला असता तर चूक ७.६२. फरक किरकोळ, पण हा एकुलता -१ लिहायला पुढे ६ बिट लागतात. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे दाबणाऱ्याने ठरवायचं असतं, कारण उलगडणाऱ्याला फक्त पूर्णांक दिसतात. मी साध्या नियमाला धरून -१ ठेवला, पण चांगले एन्कोडर अशाच जागांवर बिट वाचवतात.

१६ जुलै: झिगझॅग

तिरक्या रेषांवरून वर-खाली जाणारा लूप लिहिला, उलट दिशेचाही लिहिला, ब्लॉक ओळीत लावून परत चौकोनात आणला. तंतोतंत तोच ब्लॉक मिळाला. इथेच थांबून "झालं" म्हणावंसं वाटतं.

तरी आकडे वाचून पाहिले. नियमाप्रमाणे पहिली उडी उजवीकडे असते, म्हणजे -७ नंतर लगेच -३७ यायला हवा. माझ्या यादीत -७ नंतर -६ होता. लूप पहिली उडी खाली मारत होता, आणि परतीचा लूपही तशीच मारत होता. दोन्हीकडे एकच चूक असल्यामुळे ती एकमेकांत विरून गेली. ब्लॉक सममित असता तर यादीकडे पाहूनही काही कळलं नसतं.

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये याचं काय झालं असतं तेही मांडून पाहिलं. कड उभी असण्याऐवजी आडवी दिसली असती हे उघड आहे, पण तेवढ्यावर भागलं नसतं. क्वांटायझेशनचा तक्ता सममित नाही. -३७ हा आकडा पहिल्या स्तंभात जाऊन पडला की त्याला ११ ऐवजी १२ ने गुणलं जातं, आणि -४०७ च्या जागी -४४४ मिळतात. म्हणजे नुसतं फिरलेलं नव्हे, फिरून बिघडलेलं चित्र.

लूप फेकून दिला आणि जागांची यादीच कोडमध्ये लिहिली. चौसष्ट आकडे एकदा नीट टाइप केले की प्रश्न मिटतो. पहिली ओळ ताडायला पुरते: झिगझॅगमध्ये तिच्या जागा ०, १, ५, ६, १४, १५, २७, २८ अशा येतात.

```
-7 -37 -6 0 0 16 4 0 0 -1 0 0 0 0 -5 1
0 0 0 0 0 0 0 0 0 0 0 1 -1   (पुढे 35 शून्यं)
```

शेवटची पस्तीस शून्यं "इथे संपलं" या एका चार बिटांच्या खुणेत जातात. मधली अकरा शून्यं मात्र वाईट वाटली. पहिल्या ओळीतल्या शेवटच्या दोन आकड्यांनी ती ओढून आणली, आणि ते दोन आकडे आहेत कडेच्या धारदारपणामुळे. कड थोडी मऊ असती तर यादी पंधराव्या आकड्याच्या आसपास संपली असती.

१८ जुलै: उलट प्रवास, आणि कापणी

आकडे परत तक्त्याने गुणले, उलटा डीसीटी काढला, १२८ मिळवले. पहिल्या ओळीचा निकाल:

```
मूळ:    55 55 55 55 55 175 175 175
परत:    55 54 53 51 59 171 180 173
```

संपूर्ण ब्लॉकमध्ये सगळ्यात मोठी चूक ७ ची आहे, तिसऱ्या ओळीतल्या सातव्या पिक्सेलमध्ये (१८३ चे १९०). चुका कडेच्या आजूबाजूला एकवटल्या आहेत आणि एकाआड एक वर-खाली जातात. त्या कुठून येतात ते सहज दाखवता येतं. पहिल्या ओळीतले शेवटचे दोन सहगुणक ६४.९४ आणि -७९.९३ होते. पायऱ्या ५१ आणि ६१ असल्यामुळे परत आले ते ५१ आणि -६१. या दोघांतच बहुतेक सगळी चूक आहे. बाकी सहगुणक बऱ्यापैकी जागेवर आहेत आणि डीसी तर नेमका, म्हणून ब्लॉकचा एकूण उजळपणा बदललेला नाही.

या ब्लॉकमध्ये सगळे पिक्सेल ० ते २५५ च्या आतच परत आले, त्यामुळे कापणीचा कोड तपासला गेलाच नाही. म्हणून त्याच आकाराचा टोकाचा ब्लॉक चालवला: डावीकडे ०, उजवीकडे २५५, उतार नाही. परत येताना कडेला लागून असलेला उजळ स्तंभ २६२ झाला आणि पहिला गडद स्तंभ -१. आठ बिटांत भरल्यावर २६२ चे ६ झाले आणि -१ चे २५५. पांढऱ्या भागात उभी काळी रेघ, काळ्या भागात पांढरी. आधी कापायचं, मग आठ बिटांत भरायचं:

```python
p = min(255, max(0, round(s) + 128))
```

जोरदार कडा असलेल्या चित्रात असे मिठासारखे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर कारण हेच असतं.

२१ जुलै: खरी फाइल

आतापर्यंत माझंच कोड माझ्याच कोडला उत्तर देत होतं. आता हफमन कोड लावून पूर्ण फाइल लिहिली, मानकातलेच नमुना तक्ते वापरून. हफमनचा तपशील इथे देत नाही, फक्त हिशोब: ब्लॉकचे ५१२ बिट होते, त्याचे ९८ झाले. यातले २१ बिट एकट्या १६ या आकड्याने खाल्ले. त्याच्या आधी दोन शून्यं आहेत, आणि "दोन शून्यं, मग पाच बिटांचा आकडा" ही जोडी नेहमीच्या चित्रांत क्वचित येते, म्हणून तिला तक्त्यात सोळा बिटांचा कोड दिलेला आहे. मुद्दाम बनवलेल्या ब्लॉकची ही किंमत.

फाइल नीट उघडली नाही. चित्र पाहणाऱ्या प्रोग्रॅमने डेटा अर्धवट असल्याची तक्रार केली. माझा स्वतःचा वाचक मात्र तीच फाइल बिनतक्रार वाचत होता. ब्लॉकचे बाइट छापून पाहिले:

```
83 C3 50 FF C4 C2 4E 3F E5 91 FE 62 BF
```

चौथा आणि पाचवा बाइट बघा. -६ च्या कोडचा शेवटचा बिट १, आणि त्यामागून त्याच १६ च्या कोडचे सुरुवातीचे सात एक, असे मिळून बरोबर `FF` तयार झाला. जेपेगमध्ये `FF` म्हणजे खुणेची सुरुवात. पुढचा बाइट योगायोगाने `C4`, आणि `FF C4` चा अर्थ "इथून हफमन तक्ता सुरू". वाचणाऱ्याने तो तक्ता वाचायला घेतलाच तर पुढचे `C2 4E` ही त्याची लांबी ठरते, म्हणजे ४९,७४२ बाइट. फाइल तर हजार बाइटांचीही नाही.

नियम असा की डेटामध्ये `FF` आला की त्याच्यामागे `00` घालायचा, आणि वाचणाऱ्याने तो टाकून द्यायचा. माझ्या लेखकाने घातला नव्हता, माझ्या वाचकाने शोधला नव्हता. पुन्हा तीच जोडीची चूक. एक ओळ वाढवली आणि ब्लॉक चौदा बाइटांचा झाला. शेवटच्या बाइटमध्ये उरलेल्या सहा जागा एकांनी भरायच्या असतात, तेही इथे दिसतं: `BF` मधले शेवटचे सहा बिट.

२२ जुलै: पट्टे

फाइल उघडली. पण एका कडेऐवजी उभे पट्टे दिसत होते, जाडजूड आणि भडक. वरून खाली जाणारा उतार मात्र बऱ्यापैकी ठीक होता.

उभे पट्टे म्हणजे पहिल्या ओळीतला कुठला तरी सहगुणक फुगलाय. डेटा आदल्या दिवशी बाइट-बाइट तपासला होता, म्हणून संशय तक्त्यावर गेला. फाइलमध्ये क्वांटायझेशनचा तक्तासुद्धा झिगझॅग क्रमाने लिहायचा असतो. मी तो ओळीमागून ओळ लिहिला होता, पुस्तकात छापलेला असतो तसा. वाचणाऱ्याने आपल्या परीने तो झिगझॅग मानून पसरवला. त्यामुळे पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या जागेवर १० ऐवजी ४० आले, आणि १६ चे १६० न होता ६४० झाले. एवढ्या एका आकड्याने पिक्सेलमध्ये ७८ पर्यंतची चूक येते. पहिल्या स्तंभातल्या दुसऱ्या जागेवर मात्र १२ ऐवजी १० आले, म्हणून उतार फारसा बिघडला नव्हता.

बरोबर क्रमाने तक्त्याची सुरुवात अशी दिसते:

```
16 11 12 14 12 10 16 14 13 14 18 17 16 19 24 40
```

तक्त्यात सगळीकडे एकच आकडा, समजा १६, ठेवून चाचणी घेतली असती तर ही चूक कधीच दिसली नसती. सोपं करण्यासाठी बरेच जण तसंच करतात. करू नये.

२४ जुलै: ताडणी

तीच फाइल तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पिक्सेलच्या किमती काढल्या. कड उभी, उतार वरून खाली, पहिली ओळ माझ्या आकड्यांशी जुळते. एका प्रोग्रॅममध्ये सहाव्या ओळीतला तिसरा पिक्सेल ७३ येतो, माझा ७२. तो आकडा पूर्णांकाला नेण्याआधी ७२.४९ आहे. काही उलगडणारे प्रोग्रॅम वेगासाठी उलटा डीसीटी पूर्णांकांत करतात, त्यांना अशा काठावरच्या जागी एकाचा फरक पडतो आणि तो चालतो. फरक दोनपेक्षा जास्त दिसला असता तर पुन्हा कोड उघडला असता.